लागलेलं दही थांबवायचं कसं?

उन्हाळ्यातल्या दुपारी दुग्धालयाच्या काउंटरवर हमखास ऐकू येणारा एक प्रश्न असा: "काका, कालचं दही गोड होतं, आजचं एवढं आंबट कसं?" मालकाकडे उत्तर तयार असतं. ऊन वाढलंय, म्हशीचं दूध बदललंय, विरजण जरा जास्त पडलं. कधी कधी हे खरंही असतं. बहुतेक वेळा मात्र गडबड दही लावताना झालेली नसते. ती झालेली असते दही लागल्यानंतरच्या पाच-सात तासांत, जेव्हा 'झालं आपलं काम' म्हणून पातेलं फ्रीजमध्ये ढकललेलं असतं आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

घरी अर्ध्या लिटरचं दही लावणाऱ्याला हा प्रश्न फारसा पडत नाही. तीस लिटरचं लावणाऱ्याला रोज पडतो. सातारा-कराडच्या पट्ट्यात तालुक्याच्या कुठल्याही गावी दिसतं तसं एक दुकान डोळ्यांसमोर आणू. पुढे काउंटर, मागे गॅसची मोठी शेगडी, काचेच्या दाराचा एक फ्रीज, आणि फळ्यावर खडूने लिहिलेलं: दही, ताक, मठ्ठा, लस्सी. सकाळी सहाला चाळीस लिटर दूध येतं. दहा लिटर चहात आणि सुट्या विक्रीत जातं. उरलेल्या तीस लिटरचं दही लागतं. हा सगळा लेख त्या तीस लिटरांचा आहे.

दूध आलं की आधी त्याची डिग्री आणि फॅट बघायची पद्धत आहे. दह्यासाठी तितकीच महत्त्वाची दुसरी एक तपासणी फुकटात होते. पळीभर दूध वेगळं उकळून बघायचं. फाटलं, तर त्या दुधात आंबटपणा आधीच शिरलेला आहे आणि ते मोठ्या पातेल्यात ओतायचं नाही. या तपासणीत पास झालेलं दूध तापवायला घेतात, आणि इथेच पहिला कस लागतो.

पिशवीतलं दूध पाश्चराइज केलेलं असतं, मग पुन्हा कशाला तापवायचं, असं काहींना वाटतं. पण दह्यासाठी दूध तापवण्याचा हेतू फक्त जंतू मारणं हा नसतो. दुधातल्या प्रथिनांचे दोन मोठे गट असतात. एक केसिन, ज्याचं दही बनतं. दुसरा निवळीतल्या प्रथिनांचा, जी एरवी पाण्यात विरघळून राहतात. दूध ८५ ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन तिथे काही वेळ ठेवलं, की ही दुसऱ्या गटातली प्रथिनं उलगडतात आणि केसिनच्या कणांना जाऊन चिकटतात. पुढे दही लागतं तेव्हा त्यांची जाळी जास्त घट्ट होते आणि पाणी धरून ठेवते. पहिली उकळी येताच गॅस बंद करणाऱ्याचं दहीही लागतं, पण चमचा घातला की दुसऱ्या मिनिटाला खड्ड्यात पाणी साचतं. दूध ९० अंशांवर दहा मिनिटं राहिलं, तर हा फरक डोळ्यांना दिसतो. त्यासाठी उकळ्यांवर उकळ्या द्याव्या लागत नाहीत. आच मंद करून तळाशी लागू नये म्हणून ढवळत राहायचं, एवढंच. म्हशीच्या दुधात प्रथिनंही जास्त आणि स्निग्धांशही जास्त, म्हणून त्याचं दही सुरीने कापावं असं होतं. गायीचं नुसतं दूध वापरणाऱ्याला ही दहा मिनिटं अजिबात चुकवता येत नाहीत.

आता दूध गार करायचं. दूध पातळ असल्यामुळे हे सोपं आहे: पातेलं पाण्याच्या टबात ठेवून स्वच्छ पळीने ढवळत राहिलं की उष्णता झपाट्याने उतरते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण चार तासांनी हेच दूध दही झालेलं असेल आणि तेव्हा त्याला ढवळता येणार नाही.

विरजण लावायचं तापमान म्हणजे 'करंगळीला सोसेल इतकं कोमट' ही घराघरातली खूण. घरी ती चालते. दुकानात दोन कारणांनी चालत नाही. एक म्हणजे तीस लिटर निर्जंतुक केलेल्या दुधात बोट बुडवणं. दुसरं म्हणजे थंडीत गारठलेल्या बोटाला ३८ अंशांचं दूधही कढत वाटतं, आणि शेगडीपाशी तासभर उभं राहिलेल्या बोटाला ४८ अंशांचंही कोमट. दहा अंशांच्या या फरकात दह्याची चव पार बदलते. साधा थर्मामीटर पातेल्यात बुडवला की वाद मिटतो: ४२ ते ४३ अंश.

हे तापमान कुणी मनाने ठरवलेलं नाही. दाट, मऊ, पटकन लागणारं दही करणाऱ्या जिवाणूंची एक जोडी आहे. त्यातला काठीसारखा लांबट जिवाणू १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकाने आपल्या देशातल्या दह्यात शोधला, म्हणून त्याच्या नावात आजही बल्गेरिया आहे: लॅक्टोबॅसिलस बल्गॅरिकस. दुसरा गोल मण्यांच्या माळेसारखा, स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस. दोघांनाही चाळिशीतली ऊब आवडते आणि दोघं एकमेकांना पोसतात. मणी आधी वाढतो आणि काठीला हवी ती रसायनं तयार करून देतो. काठी दुधातली प्रथिनं तोडून मण्याला खाऊ पुरवते. मणी सौम्य आंबट, काठी कडक आंबट. तापमान ४५ च्या पुढे गेलं, विरजण जुनं असलं किंवा दही फार वेळ उबेत राहिलं, की काठीचं पारडं जड होतं आणि दही दातांना झोंबतं. चाळिशीच्या आसपास ठेवून वेळेवर थांबवलं तर मण्याचा हात वर राहतो आणि दही गोडसर लागतं.

घरच्या विरजणात या दोघांखेरीज आणखीही मंडळी असतात. तीस अंशांच्या आसपास रमणारे लॅक्टोकोकस कुळातले जिवाणू त्यात भरपूर असतात. रात्रभर ओट्यावर लागलेल्या दह्याला जो लोण्यासारखा वास येतो, तो बराचसा त्यांच्यामुळे आणि त्यांच्या सोबत्यांमुळे. तेही उत्तम दहीच. पण त्याला आठ-दहा तास लागतात, आणि प्रत्येक घरच्या विरजणातली भेळ वेगळी, त्यामुळे आज एक चव आणि उद्या दुसरी. दुकानदाराला रोज तीच चव द्यायची असते. म्हणून त्याने एक बाजू निवडावी. मोठ्या डेअऱ्या ठरलेल्या जिवाणूंचं गोठवून सुकवलेलं विरजण पाकिटातून आणतात. छोट्या दुकानालाही ते वापरता येतं: पाकिटातल्या थोड्या पुडीने लिटरभर मूळ विरजण करायचं, त्यावर पुढचे काही दिवस काढायचे, आणि चव ढळायच्या आत नवं करायचं.

लिटरला वीस ग्रॅम, म्हणजे दोन टक्के विरजण पुरतं. तीस लिटरला सहाशे ग्रॅम. जास्त घातलं तर जास्त घट्ट लागेल ही समजूत चुकीची आहे. फार विरजण घातलं की आम्ल झपाट्याने तयार होतं, केसिनची जाळी घाईघाईत, ओबडधोबड विणली जाते आणि तिच्यातून पाणी निसटतं. विरजण आधी वाटीभर कोमट दुधात गुठळी न राहता घोटून घ्यावं, मग सगळ्या दुधात मिसळावं, नाहीतर कुठे दगड आणि कुठे दूध अशी अवस्था होते.

आणखी एक सवय तोट्याची आहे, आणि ती जवळजवळ सगळीकडे दिसते. दिवसभर विकून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी जे दही उरतं, तेच उद्याचं विरजण. या तळच्या दह्यात दिवसभरात पंचवीस वेळा पळी गेली आहे, माश्या घोंघावल्या आहेत, आणि ते सगळ्यात आंबट आहे. आंबटपणात तगून राहणारेच जिवाणू त्यात उरलेले असतात आणि सोबत हवेतलं यीस्टही. त्याचं दही उद्या थोडं जास्त आंबट, परवा आणखी. पंधरवड्यात दुकानाची चव सरकते आणि मालकाला वाटतं, दूध बिघडलं. विरजण बाजूला काढायचं ते दही लागताक्षणी, पहिल्या पळीच्या आधी, उकळत्या पाण्यातून काढलेल्या झाकणाच्या डब्यात. तो डबा थेट फ्रीजच्या सगळ्यात थंड कोपऱ्यात जावा.

सकाळी आठला विरजण लागलं. आता दूध डब्यांत ओतायचं आणि हलवायचं नाही. दुधाचा सामू साधारण ६.६ असतो. जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करू लागतात, सामू उतरू लागतो, आणि तो ४.६ कडे येतो तसे केसिनचे कण एकमेकांना दूर ढकलणं सोडून जोडले जातात. दह्याचं लागणं ते हेच. या विणण्याच्या काळात डबा उचलून बघितला, हिंदकळला किंवा शेजारी कुणी पोतं आपटलं, तर तुटलेली जाळी पुन्हा नीट जुळत नाही. हिवाळ्यात रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो तेव्हा दूध दोन-तीन तासांतच तिशीखाली घसरतं, म्हणून डबे थर्माकोलच्या पेटीत किंवा जाड गोणपाटात लपेटून ठेवतात. उन्हाळ्यात नेमकं उलट: खोलीच अडतीस अंशांची, त्यामुळे दही वेळेआधी तयार होतं आणि घड्याळाकडे बघून चालणाऱ्याला कळतही नाही.

कळायच्या खुणा मात्र साध्या आहेत. साडेतीन-चार तासांनी डबा अगदी हलकेच कलता करायचा. दही एकसंध हलून डब्याच्या कडेपासून स्वच्छ सुटलं, आणि सुरीचं टोक घालून उचललं तर भेगेच्या कडा धारदार राहून तिच्यात किंचित हिरवट-पिवळं पाणी दिसलं, की झालं. ते पाणी खराब नसतं. त्याचा रंग रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा असतो. जिभेवर ते गोडाकडे झुकणारं, नुकतंच आंबटाच्या उंबरठ्यावर आलेलं लागायला हवं. अदमुरं म्हणतात त्याच्या जरा पुढे. कारण गार होईपर्यंत ते आणखी आंबणारच आहे.

का आंबणारच आहे? दुधात साधारण पाच टक्के दुग्धशर्करा असते आणि दही लागेपर्यंत तिचा जेमतेम चौथा हिस्सा खर्च झालेला असतो. जिवाणूंसमोर अजून भरलं ताट आहे आणि चाळीस अंशांची ऊब आहे. दही लागलं हे आपल्याला दिसतं, त्यांच्या लेखी काही घडलेलंच नसतं. त्यांचा वेग कमी करणारी एकच गोष्ट दुकानदाराच्या हातात आहे, ती म्हणजे थंडी.

आता थोडा हिशेब करू. तीस लिटर दही ४२ अंशांवरून ५ अंशांवर आणायचं तर त्यातून जितकी उष्णता काढावी लागते, तितक्या उष्णतेत दहा लिटर बर्फगार पाणी उकळीला येईल. तेवढी उष्णता शोषायला तेरा किलो बर्फ पुरता वितळावा लागेल. दुकानातला काचेच्या दाराचा फ्रीज मुळात गार बाटल्या गारच ठेवण्यासाठी बनवलेला असतो. गरम वस्तू गार करणं हे त्याचं काम नव्हे. दार न उघडता त्याला हे ओझं उतरवायला पाच तास सहज लागतात, आणि दुपारी बाराला दुकानातल्या फ्रीजचं दार दर दोन मिनिटांनी उघडतं. शिवाय आत आधीपासून ठेवलेली लस्सी, पनीर, दुधाच्या पिशव्या हे सगळं या उष्णतेत शेकून निघतं. सकाळची पिशवी दुपारी फाटली तर तिचा गुन्हेगार शेजारच्या कप्प्यातलं दही असू शकतं.

त्याहून मोठी अडचण पातेल्याच्या आकारात आहे. दूध ढवळून गार करता येत होतं. दही हलतच नाही, त्यामुळे त्याच्या पोटातली उष्णता कणाकणाने सरकत बाहेर यावी लागते. दह्याची जाडी दुप्पट झाली की गाभ्यातली उष्णता कडेपर्यंत यायला सुमारे चौपट वेळ लागतो. म्हणून दहा लिटरचं रुंद पातेलं फ्रीजमध्ये ठेवलं तर सात-आठ तासांनीही त्याचा गाभा वीस अंशांच्या आसपास सापडू शकतो. कडेचं दही गार आणि गोड, मधलं आंबट. सकाळी पहिल्या गिऱ्हाईकाला कडेचं मिळालं, दुपारच्याला मधलं मिळालं. सुरुवातीला तक्रार करणारा तो दुपारचाच.

उपाय स्वस्त आहे. दही मोठ्या पातेल्यात न लावता एक लिटरच्या, साधारण दहा सेंटिमीटर रुंदीच्या स्टीलच्या डब्यांत लावायचं. साडेबाराला दही लागलं की डबे न हलवता पसरट टबात ठेवून त्यात अलगद गार पाणी भरायचं, डब्यांच्या गळ्यापर्यंत. पाऊण-एक तासात दही बत्तीस-तेहेतीस अंशांवर येतं. काढायच्या एकूण उष्णतेचा चौथा हिस्सा विजेशिवाय गेला, आणि चाळिशीत रमणाऱ्या जिवाणूंचा जोरही उतरला. पाण्यात बर्फाची लादी टाकली तर आणखी लवकर. मग डबे पुसून फ्रीजमध्ये, दोन डब्यांत चार बोटं अंतर ठेवून, म्हणजे मधून हवा फिरेल. संध्याकाळी काउंटरची गर्दी सुरू व्हायच्या आत दही आठ-दहा अंशांपर्यंत उतरलेलं असतं आणि रात्रीत पाचाखाली जातं. हे दही त्याच दिवशी विकू नये. थंडीत रात्रभर राहिलं की जाळी आणखी आवळते. सकाळी ते जास्त घट्ट लागतं. पाच अंशांवरही काठीवाला जिवाणू पूर्ण झोपत नाही, दही दिवसागणिक थोडं थोडं आंबत जातं. पण मग ते तासांवर न जाता दिवसांवर जातं, आणि धंद्याला तेवढं पुरतं.

मातीच्या भांड्याची गोष्ट जरा वेगळी. मडकं पाणी शोषतं, म्हणून त्यातलं दही घट्ट होतं. बाहेरच्या बाजूने ते पाणी वाफ होऊन उडतं, त्यामुळे थोडा गारवाही मिळतो. एकदाच वापरायचं कुल्हड उत्तम. तेच मडकं रोज धुऊन वापरायचं म्हटलं तर त्याच्या छिद्रांत काल-परवाचं दही राहतंच आणि विरजणाची सगळी शिस्त तिथे वाया जाते.

कधी कधी सगळं नीट करूनही दही लागत नाही. दुपारी दोनलाही दूध दूधच. अशा वेळी दोष शोधायची एक सोपी युक्ती आहे, तीन वाट्यांची. पहिल्या वाटीत आजचं दूध आणि आपलं विरजण. दुसरीत आजचं दूध आणि दुसरीकडून आणलेलं ताजं विरजण. तिसरीत दुसऱ्या ठिकाणचं दूध आणि आपलं विरजण. तिन्ही ४२ अंशांवर शेजारी शेजारी ठेवायच्या. तिन्ही लागल्या, तर दूध-विरजण ठीक आहे, मोठ्या पातेल्याचं तापमान चुकलं होतं. फक्त तिसरी लागली, तर दुधात काहीतरी आहे. आणि फक्त दुसरी लागली, तर आपलं विरजण मेलं.

दुधात काय असू शकतं? सगळ्यात वाईट म्हणजे प्रतिजैविक. गायीला किंवा म्हशीला कासदाह झाला की पेनिसिलिनसारखी औषधं देतात, आणि औषध चालू असतानाचं व त्यानंतरच्या ठरावीक दिवसांचं दूध विकायचं नसतं. एखाद्याने ते घातलं, तर माळेसारखा जिवाणू त्यापुढे टिकत नाही. उकळूनही हे औषध पुरतं जात नाही. दूध फाटू नये म्हणून टाकलेला सोडा किंवा नीट न धुतलेल्या कॅनमधला साबण यांनीही दही अडतं. विरजण मरतं ते बहुतेक वेळा एका विषाणूमुळे. माणसाला त्याचा काही उपद्रव नाही. तो फक्त दह्याच्या जिवाणूंवर जगतो. तेच विरजण महिनोन् महिने त्याच जागेत वापरलं की तो भांड्यांवर, फडक्यांवर, सांडलेल्या निवळीत वाढतो. मग एके दिवशी दही उशिरा लागतं, दुसऱ्या दिवशी लागतच नाही. तेव्हा जुनं विरजण सगळं टाकायचं, भांडी-ओटा क्लोरीनच्या पाण्याने धुवायचा आणि वेगळ्या पाकिटातलं विरजण सुरू करायचं. जुन्यातलं 'थोडं चांगलं' वाचवायचा मोह झाला की विषाणूही वाचतो.

ताकाकडे वळू. जुन्या अर्थाने ताक म्हणजे दही घुसळून लोणी काढल्यावर उरतं ते. लोणी येणं हाही तापमानाचाच खेळ. स्निग्धांशाचे कण थोडे घट्ट, थोडे मऊ असताना एकमेकांवर आपटले तर चिकटतात, आणि ही अवस्था साधारण बारा ते सोळा अंशांत असते. उन्हाळ्यात रवीने कितीही घुसळलं तरी कण नुसते मऊ राहतात, म्हणून बर्फाचे खडे टाकतात. हिवाळ्यात ते दगडासारखे असतात, म्हणून कोमट पाण्याचा हबका मारतात. आता बहुतेक दुकानांत लोणी काढतच नाहीत. दह्यात दोन-अडीच पट पाणी घालून घुसळतात आणि त्यालाच ताक म्हणतात. चवीला ते दाटही असतं, त्यात भांडण्यासारखं काही नाही.

भांडण पाण्याचं आहे. सकाळी ज्या दुधाला ९० अंशांवर दहा मिनिटं धरलं, त्याच्या ताकात दोन-तृतीयांश भाग नळाचं कच्चं पाणी आहे. वरून मठ्ठ्यासाठी न धुतलेली कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं. ताक आंबट असल्यामुळे त्यात जंतू टिकत नाहीत, ही समजूत अर्धवट खरी आहे. आंबटपणा त्यांना रोखतो, पण पोट बिघडवणारे काही जंतू आंबट आणि थंड ताकात बराच काळ तग धरतात. पाणी उकळून गार केलेलं किंवा नीट गाळून निर्जंतुक केलेलं हवं. आलं-मिरची-जिऱ्याचं वाटण रोज ताजं हवं. आणि बर्फ? २०१८ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा करण्याचं बंधन घातलं. पांढरी लादी म्हणजे खाण्याची, हे गिऱ्हाईकाला ओळखता यावं, हा हेतू. पण पांढरी लादी गोणपाटात गुंडाळून रस्त्यावर ओढत आणली तर रंगाचा उपयोग संपतो. सगळ्यात बरं म्हणजे पेल्यात बर्फ टाकायची वेळच येऊ नये. त्यासाठी दही आणि पाणी दोन्ही आधीच पाच अंशांवर हवीत.

ताक ठेवलं की वर पाणी, खाली गाळ होतो, आणि गिऱ्हाईकाला वाटतं ताक शिळं. ४.६ च्या आसपासच्या सामूला केसिनच्या कणांवरचा विद्युतभार जवळपास शून्य असतो, ते एकमेकांना ढकलत नाहीत आणि खाली बसतात. मोठ्या कंपन्या बाटलीतल्या ताकात हे टाळायला पेक्टिनसारखं काही घालतात. दुकानात पेला भरण्याआधी रवी फिरवली की झालं.

लस्सी मुळात पंजाबची, पण आता जत्रेपासून एसटी स्टँडपर्यंत आपलीही. तिच्या दाटपणाचं रहस्य मलईत आहे असं सांगतात. खरं म्हणजे ते हात आवरण्यात आहे. दह्याची जाळी एकदा जोरात फोडली की परत जुळत नाही. मिक्सर मिनिटभर फिरवलेली लस्सी दुधासारखी पातळ होते, मग तिच्यावर मलईचा थर देऊन वेळ मारून नेतात. रवीने थोडंच, गुठळी मोडेपर्यंत घोटावं. साखर दाणेदार घातली तर ती विरघळेपर्यंत घोटत बसावं लागतं, म्हणून पिठीसाखर किंवा गार केलेला पाक, वजनाच्या बारा ते पंधरा टक्के. दोनशे ग्रॅम दह्याला पंचवीस-तीस ग्रॅम. दही वीस अंशांचं असेल, तर पेला गार करायला साधारण तीस ग्रॅम बर्फ वितळावा लागतो, म्हणजे दाट दह्यात दोन मोठे चमचे पाणी. पाच अंशांच्या दह्याला तो नकोच. सकाळी तयार करून बरणीत ठेवलेल्या लस्सीत साखर दह्यातलं पाणी ओढून घेते आणि ती दुपारपर्यंत विळविळीत होते. म्हणून लस्सी मागणीनुसार करायची, फक्त दही तयार ठेवायचं.

आणि वीज गेली तर? फ्रीजचं दार बंद ठेवायचं, त्यावर चिठ्ठी लावायची आणि विक्री बाहेर बर्फात ठेवलेल्या दोन डब्यांतून करायची. दार न उघडलेला, गार दह्याने भरलेला फ्रीज काही तास सहज निभावतो, कारण तिथे गार दह्याचं वजनच कामाला येतं. अर्धा रिकामा फ्रीज त्यापेक्षा लवकर तापतो.

राहता राहिलं न खपलेलं दही. ते दिवसांच्या हिशेबाने मांडावं. पहिल्या दिवशी वाटीतलं दही आणि लस्सी, कारण तिथे गोडवा लागतो. दुसऱ्या दिवशी ताक. तिसऱ्या दिवशीचं आंबट दही मठ्ठ्याला, जिथे मिरची-आलं-हिंग आंबटपणाला सांभाळून घेतात, किंवा दुकानात जेवणही असेल तर कढीला. फार उरलं तर मलमलच्या फडक्यात बांधून फ्रीजमध्ये टांगावं. निवळी गळून चक्का होतो आणि श्रीखंडाला लागतो. मात्र डब्याचं झाकण उघडताना फुस्स आवाज आला, दह्यात बुडबुड्यांची भोकं दिसली, चमच्याला तार सुटली किंवा वर रंगीत ठिपका दिसला, तर ते कढीलाही नको. ते ओतून द्यायचं, डबा उकळत्या पाण्यातून काढायचा आणि त्या दिवशीचं विरजण त्याच दह्यातून काढलेलं असेल तर तेही सोबत ओतायचं.